नळाची धार बारीक झाली तर

टाकी धुतल्यावर बेसिनच्या नळाची धार बारीक झाली, पण बाथरूमच्या साध्या नळाला जोर तसाच असेल, तर गाळ बेसिनच्या नळाच्या तोंडच्या जाळीत अडकला असे समजावे. आम्ही बेसिनच्या भोकावर फडके ठेवतो, टोपीला कापड गुंडाळतो आणि पान्याने ती हळूच सोडवतो. जाळी उलटी धरून धुतली की वाळू निघते. पांढरा थर उरला तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या ब्रशने घासतो. जाळी बसवण्याआधी नळ मिनिटभर मोकळा सोडावा, नाहीतर पाइपातला गाळ पुन्हा अडकतो. जाळीविनाही धार बारीकच राहिली, तर दोष जाळीचा नाही. बेसिनखालचा कॉक आणि त्याचा पाइप तपासावा.