आमचा १९३०चा कागद कुणाच्या घरात आहे?

समाजकार्याच्या एम.ए.ला प्रवेश पाहिजे तर एक निवेदन लिहून द्यावं लागतं. स्वयंसेवक म्हणून पाहिलेली एक 'केस' सांगा आणि तिच्यातून कोणते प्रश्न उभे राहिले ते लिहा, असं विचारतात. मी लिहिलं. तेच इथं छापायला देतोय. कारण मित्रांनो, ही केस निवड समितीनं वाचण्याआधी आपल्या वस्त्यांनी वाचायला पाहिजे.

वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर, पलीकडे गडचिरोली. दोन्हीकडं जंगलाला लागून आपल्या लोकांच्या धानाच्या बांध्या आहेत. सातबाऱ्यावर नाव नाही. सरकारी भाषेत ते अतिक्रमण. दोन हंगाम मी एका संस्थेबरोबर या जमिनींचे वनहक्काचे दावे भरत फिरलो.

त्यातला एक माणूस. साठी ओलांडलेला, बौद्ध. नाव देत नाही, त्याला त्याच गावात राहायचं आहे. तीन एकर. आज्यानं झुडपं काढून धुरे घातले, बापानं खालच्या अंगाला बोडी खोदली. २००६च्या वनहक्क कायद्याखाली त्यानं दावा केला. सोबत रेशनकार्ड, मतदारयादी, धुऱ्यांचा आणि बोडीचा पंचनामा. शिवाय फॉरेस्टवाल्यांनी अतिक्रमण म्हणून फाडलेली दंडाची जुनी पावती. ज्या पावतीनं त्याला चोर ठरवलं, तीच आता त्याच्या कब्जाचा पुरावा! गावातल्या एका म्हाताऱ्या गोंड शेजाऱ्यानं जबानी दिली. ग्रामसभेनं ठराव करून दावा वर पाठवला.

वरून एका ओळीचं उत्तर आलं. '७५ वर्षांचा पुरावा नाही, सबब नामंजूर.' तेही त्याच्या हातात नाही; ग्रामपंचायतीत लागलेल्या यादीत.

तो म्हणाला, "बाबू, आजा तर अंगठ्याचाबी धनी नव्हता. कागद कुठून आणू मी?"

आता हे ७५ वर्षांचं भूत आलं कुठून ते बघा. सरकारनं १३ डिसेंबर २००५ला विधेयक मांडलं तेव्हा त्यात फक्त आदिवासी होते. संसदेच्या संयुक्त समितीनं शिफारस केल्यावर 'इतर पारंपरिक वननिवासी' आत आले. पण अट घातली. आदिवासीचा जमिनीवरचा कब्जा १३ डिसेंबर २००५च्या आधीचा असला की झालं. 'इतरां'नी त्याशिवाय तीन पिढ्या जंगलात वस्ती आणि जंगलावर गुजराण दाखवायची. पिढी २५ वर्षांची. म्हणजे थेट १९३०चा डिसेंबर. अनुसूचित जाती हा वेगळा वर्ग या व्याख्येत नाहीच. आम्ही 'इतर'. मालगुजाराचा नातूही 'इतर', आणि त्याच्या सालदाराचा नातूही 'इतर'. दोघांना एकच माप. याला समता म्हणायचं काय?

१९३०च्या डिसेंबरात बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेत आमच्या राजकीय हक्कांसाठी भांडत होते. इकडे चांदा जिल्ह्यात जमिनीचे कागद मालगुजाराच्या आणि जमीनदाराच्या नावानं होते. जो नांगर धरतो त्याचं नाव कागदावर चढत नव्हतं, कारण त्याची जातच जमीन धरायची नव्हे, राबायची ठरवलेली होती. ज्यांना कागदापासून दूर ठेवलं, त्यांनाच आज विचारतात, कागद दाखव!

पण थांबा. अट आहे त्याहून मोठी करून वापरतात, हे मला या केसनं शिकवलं. कायद्यात ७५ वर्षं आहेत ती राहण्याची आणि गुजराणीची. तोच तुकडा ७५ वर्षं कसला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. कब्जा २००५च्या आधीचा असला की पुरे. या दोन वेगळ्या गोष्टी साहेबलोक एकात मिसळतात. पुरावाही कागदच पाहिजे असं नाही. नियम १३मध्ये धुरा, विहीर, घर यांसारख्या खुणाही चालतात, आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांची लेखी जबानीही चालते. फक्त एकाहून जास्त पुरावे पाहिजेत. २०१२च्या दुरुस्तीनं तर सांगितलं की एकाच प्रकारच्या कागदाचा हट्ट समित्यांनी धरू नये, नाकारताना सविस्तर कारण द्यावं, निर्णय दावेदाराला स्वतः कळवावा. काही कमी वाटलं तर उपविभागीय समितीनं दावा ग्रामसभेकडं फेरविचाराला परत पाठवावा. इथं यातलं काहीच झालं नव्हतं. म्हणून नामंजुरीची ओळ हातात आली की आधी हेच तपासा: कारण कोणतं, कुणी दिलं, कोणत्या पुराव्याबद्दल दिलं. अपिलाला ६० दिवस असतात.

आम्ही तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. कोतवाल पंजी मागितली. गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. अर्ज केला, नकलेची फी भरली, बऱ्याच चकरा मारल्या. शेवटी सापडली. १९३०च्या आधीची नोंद: त्याच्या आज्याला झालेलं मूल, बापाचं नाव, गावाचं नाव, जात महार. तेव्हा आमच्या भागात कोतवालकी बरेचदा महाराकडेच असायची. गावभर फिरून कोण जन्मलं, कोण मेलं ही वर्दी आमचाच माणूस द्यायचा. वेठीसारखं राबून त्यानं जी वही भरवली, तीच आज त्याच्या पणतूच्या कामी आली. पण ती वही सरकारच्या कपाटात. सरकारचाच कागद सरकारलाच दाखवायला माणसानं मजुरी बुडवून चकरा मारायच्या!

नक्कल जोडून अपील केलं. हे लिहीपर्यंत निकाल नाही.

आणि कुणी असं समजू नये की आदिवासीला सोपं दिलं म्हणून आमचं अडलं. आदिवासींचेही दावे ढिगानं नाकारले गेलेत. १३ फेब्रुवारी २०१९ला सुप्रीम कोर्टानं दावे नाकारलेल्यांना हुसकावण्याचा आदेश दिला, तेव्हा गोंड आणि बौद्ध एकाच रांगेत होते. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली म्हणून वाचलो. माझ्या केसमध्ये सगळ्यात मोलाची जबानी गोंड म्हाताऱ्याची होती. २००९मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्या वाटेवर बांबू-तेंदूत बौद्ध टोळीलाही वाटा मागता येतो. पण सामूहिक हक्कानं बांधी नावावर होत नाही. ती लढाई वेगळी, आणि ती दोघांनी मिळून लढायची.

तर माझा प्रश्न समाजकार्यालाच आहे. तुमच्या पुस्तकात 'केस' म्हणजे माणूस. त्याची अडचण, त्याचं कुटुंब, त्याचं मनोबल. या माणसाचं मनोबल ठणठणीत आहे. तीन पिढ्या दंड भरून तो तिथंच धान लावतोय. बिघाड त्याच्यात नाही. व्याख्येत आहे, ती वाचणाऱ्या साहेबात आहे आणि कुलूपबंद कपाटात आहे. मग केस कुणाची मांडायची? माणसाची की व्याख्येची?

मला शिकायचं आहे ते यासाठी. समुपदेशनाच्या जोडीला नोंदी वाचायला शिकवा, अपील लिहायला शिकवा. आणि मागण्या लिहून घ्या. अनुसूचित जातींसाठी ७५ वर्षांची अट काढा. ती निघेपर्यंत कोतवाल पंजीच्या नकला तहसीलनं स्वतः फुकट दाव्याला जोडाव्यात. कारण न देता नाकारलेला प्रत्येक दावा ग्रामसभेकडं परत पाठवा.

१६ ऑक्टोबर १९५६ला चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. कोतवालकी तेव्हाच टाकली आम्ही. वही मात्र आमची आहे, ती परत पाहिजे.

जय भीम.