सामाईक जीवा : केंद्रं नेहमी दोन बाजूंनाच कशाला?

शिक्षक मित्रहो, नववी-दहावीच्या वर्गात एक प्रश्न विचारून बघा. एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळं आहेत, एक १० सेंमी त्रिज्येचं आणि दुसरं १७ सेंमी त्रिज्येचं. त्यांची केंद्रं एकमेकांच्या जवळ आणत गेलो, तर सामाईक जीवेची लांबी वाढत जाईल की कमी होत जाईल?

"वाढेल" हे उत्तर पटकन येतं. ते अर्धंच बरोबर आहे. आणि उरलेलं अर्धं मुलांना सुचत नाही याचं कारण, माझ्या मते, आपण फळ्यावर काढतो ती आकृती. आपण दोन वर्तुळं काढतो, बहुतेक वेळा सारख्याच आकाराची, मध्ये थोडीशी एकमेकांत गेलेली. जीवा मधोमध उभी, एक केंद्र तिच्या डावीकडे, दुसरं उजवीकडे. मुलं हीच आकृती मनात धरून बसतात आणि पुढे तिच्यामुळेच फसतात.

आधी नेहमीचं उदाहरण पाहू. केंद्रांमधलं अंतर २१ सेंमी आहे. प्रत्येक केंद्र जीवेच्या दोन्ही टोकांपासून समान अंतरावर असतं, म्हणून केंद्रांना जोडणारी रेषा ही जीवेची लंबदुभाजक असते. लहान वर्तुळाच्या केंद्रापासून जीवेपर्यंतचं अंतर क्ष मानू. मग मोठ्या केंद्रापासूनचं अंतर २१ − क्ष. अर्ध्या जीवेचा वर्ग दोन्हीकडून लिहिला, की

१०० − क्ष² = २८९ − (२१ − क्ष)²

दोन्ही बाजूंचा क्ष² जातो आणि क्ष = ६ मिळतो. अर्ध्या जीवेचा वर्ग १०० − ३६ = ६४, म्हणून अर्धी जीवा ८ आणि पूर्ण जीवा १६ सेंमी. दुसरीकडून पडताळा : २८९ − १५² = ६४. जुळलं.

इथे पहिली चूक होते ती अंतराचे सरळ दोन भाग करण्याची. जीवा केंद्रांना जोडणाऱ्या रेषेला मधोमध छेदते, हे फक्त त्रिज्या समान असतानाच खरं. इथे २१ चे अर्धे १०.५, म्हणजे लहान वर्तुळाच्या त्रिज्येपेक्षाही जास्त. वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि चूक लगेच पकडली जाते. पण दर वेळी ती अशी स्वतःहून दिसेलच असं नाही. म्हणून अर्धी जीवा दोन्ही त्रिज्यांवरून काढून बघायची सवयच हवी.

आता त्याच दोन वर्तुळांची केंद्रं ९ सेंमी अंतरावर आणू. समीकरण तेच, २१ च्या जागी फक्त ९ :

१०० − क्ष² = २८९ − (९ − क्ष)²

सोडवल्यावर क्ष = −६ येतो. इथे मुलं हमखास थांबतात. "सर, अंतर ऋण कसं?" आणि मग काही जण ते चिन्ह गुपचूप खोडून टाकतात. क्ष = ६ धरलं की मोठ्या केंद्रापासूनचं अंतर ९ − ६ = ३ होतं, आणि २८९ − ९ = २८०. लहान वर्तुळाकडून मात्र ६४ च येतात. एकाच अर्ध्या जीवेचे दोन वर्ग कसे असतील?

खरं म्हणजे ते ऋण चिन्ह आपल्याला आकृती सांगत असतं. जीवा दोन केंद्रांच्या मध्ये नाहीच. ती लहान केंद्राच्या पलीकडे, मोठ्या केंद्रापासून दूर गेलेली आहे. दोन्ही केंद्रं जीवेच्या एकाच बाजूला आहेत. मोठ्या केंद्रापासून जीवेपर्यंतचं अंतर ९ − (−६) = १५. आता २८९ − २२५ = ६४. जीवा पुन्हा १६ सेंमीच!

म्हणजे अंतर २१ असो की ९, जीवा तेवढीच. मग मधे काय झालं? केंद्रं २७ सेंमी अंतरावर असताना वर्तुळं बाहेरून नुसती स्पर्श करतात. तिथून जवळ येताना जीवा वाढत जाते. अंतराचा वर्ग २८९ − १०० = १८९ होतो तेव्हा, म्हणजे अंतर सुमारे १३.७५ सेंमी असताना, क्ष शून्य होतो. जीवा लहान वर्तुळाच्या केंद्रातून जाते आणि त्याचा व्यासच बनते, २० सेंमी. लहान वर्तुळात यापेक्षा मोठी जीवा असूच शकत नाही. त्यानंतर अंतर आणखी कमी केलं की जीवा आखडत जाते आणि ७ सेंमीला वर्तुळं आतून स्पर्श करतात. ७ ते २७ च्या बाहेर सामाईक जीवा नाहीच.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, एक तयार सूत्र पाठ करून घ्यावं. माझा त्याला विरोध आहे. सूत्राने १६ हे उत्तर दोन्ही वेळा येईल, पण जीवा कुठे आहे ते मुलाला कळणार नाही. सूत्रच हवं असेल तर आर्यभटाची रीत सांगावी. 'आर्यभटीय' या ग्रंथाच्या गणितपादात (इ. स. ४९९) ती आहे, आणि तिच्यातला शब्द मुलांच्या ओळखीचा आहे : ग्रास. खग्रास, खंडग्रास ग्रहणातला तोच.

दोन वर्तुळं एकमेकांत जेवढी शिरली तो ग्रास, म्हणजे त्रिज्यांची बेरीज वजा केंद्रांमधलं अंतर. अंतर २१ असताना ग्रास २७ − २१ = ६. व्यास २० आणि ३४. दोन्हींतून ग्रास वजा करा : १४ आणि २८, बेरीज ४२. आता अदलाबदल करायची. लहान वर्तुळाचा शर, म्हणजे जीवेपासून कंसापर्यंतची उंची, २८ × ६ ÷ ४२ = ४. मोठ्याचा शर १४ × ६ ÷ ४२ = २. शर गुणिले व्यासाचा उरलेला भाग म्हणजे अर्ध्या जीवेचा वर्ग : ४ × १६ = ६४ आणि २ × ३२ = ६४.

अंतर ९ असताना ग्रास १८. वजा करून २ आणि १६, बेरीज १८. लहान वर्तुळाचा शर १६ × १८ ÷ १८ = १६ आणि मोठ्याचा २. पुन्हा १६ × ४ = ६४, २ × ३२ = ६४. कुठेही ऋण संख्या नाही, आणि तरीही गोष्ट लपत नाही. शर १६ हा त्रिज्या १० पेक्षा मोठा आहे, म्हणजे ग्रास लहान वर्तुळाचं केंद्र ओलांडून पुढे गेला आहे. ग्रास २० झाला की खग्रास!

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की या घटकाला किमान दोन आकृत्या काढाव्यात, असमान त्रिज्यांच्या, आणि त्यातल्या एकीत दोन्ही केंद्रं जीवेच्या एकाच बाजूला असावीत. सरावाला २१ च्या जोडीने ९ चंही उदाहरण द्यावं. आणि आकृती आधी काढून देऊ नये. क्ष चं चिन्ह बघून ती मुलांनीच काढावी.