घरी आणि घरात

मराठी माध्यमाच्या अनेक शाळांत, पाचवी-सहावीच्या वर्गात, इंग्रजीचा एक तक्ता भिंतीवर लावलेला असतो. इन म्हणजे ‘त’ किंवा ‘मध्ये’, ऑन म्हणजे ‘वर’, ॲट म्हणजे ‘ला’ किंवा ‘जवळ’. तक्ता सोपा आहे, पाठ होतो, घटक चाचणीत गुणही देऊन जातो. आणि आठवीत तीच मुलं ‘मीट मी ऑन द स्टेशन’ लिहितात तेव्हा आपण लाल शाईने ऑन खोडून ॲट करतो. का, ते सांगत नाही, कारण तक्त्याप्रमाणे मुलाचंच बरोबर असतं. आपण स्टेशनवरच भेटतो की!

आमचं म्हणणं असं की तक्ता काढावा. मराठी मात्र वर्गातून काढू नये. या तीन शब्दांतला जो भेद मुलांना कळत नाही असं आपण धरून चालतो, तो त्यांना घरूनच येतो. फक्त तो एका प्रत्ययात बसलेला नाही.

‘आमच्या घरी गाय आहे’ आणि ‘आमच्या घरात गाय आहे’ ही दोन वाक्यं फळ्यावर लिहून पाहा. पहिल्या वाक्यात दूधदुभतं आहे, दुसऱ्यात धावपळ. सहावीतल्या कुठल्याही मुलाला हा फरक समजावून द्यावा लागत नाही, ते आधीच हसलेलं असतं. ‘घरी’मध्ये घर हे एक ठिकाण आहे, भिंती-छपराचा विचारच नाही. ‘घरात’ म्हटलं की आत-बाहेर आलं. ॲट होम आणि इन द हाउस यांच्यातला भेद नेमका हाच आहे. सप्तमीचे प्रत्यय आपण ‘त, ई, आ’ असे एका दमात घोकवतो, त्यामुळे त्यांतला ‘त’ आणि ‘ई’ वेगळं काम करतात हे निसटून जातं. माहेरी, सासरी, गावी हे सगळे त्या ‘ई’चेच. ‘ती माहेरी आहे’ या वाक्याला ॲट लागेल, हे ‘घरी’ समजलेल्या मुलाला वेगळं शिकवायला नको.

अडचण अशी की हा ‘ई’ आता मोजक्याच शब्दांना लागतो. स्थळ दाखवायला आपण ‘शाळी’ म्हणत नाही, ‘दवाखानी’ म्हणत नाही. मग ठिकाणपणाचं काम इतर प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं वाटून घेतात, आणि तिथेच गोंधळ होतो. ‘बंड्या कुठे आहे?’ ‘शाळेत आहे.’ इथे ॲट स्कूल. (अमेरिकन इंग्रजीत इनही चालतं, तो वाद वर्गात नको.) पण ‘पावसामुळे मुलं शाळेत अडकली’ यातली शाळा ही इमारत आहे, म्हणून इन द स्कूल. ‘त’ तोच. गाडी ‘पुण्याला’ दहा मिनिटं थांबते तेव्हा ॲट, कारण पुणे हा मार्गावरचा एक बिंदू. मावशी ‘पुण्यात’ राहते तेव्हा इन. आणि ‘पुण्याला पोहोचलो’ लिहिताना ‘ला’ दिसतो म्हणून मुलं रीच्डपुढे टू लावतात. तिथे इंग्रजीला काहीच नको असतं.

सगळ्यात जास्त लाल शाई ‘वर’ने खाल्ली आहे. स्टेशनवर, विमानतळावर, नाक्यावर, पेट्रोलपंपावर, कामावर. यातल्या कशाच्याही पृष्ठभागाशी आपला संबंध नसतो. मराठीत ‘वर’ दोन कामं करतो, टेकणं दाखवतो आणि ठिकाण दाखवतो. ती वेगळी काढायची एक चाचणी आम्ही सुचवतो. ‘वर’च्या जागी ‘च्या ठिकाणी’ घालून बघायचं. भाषा अवघडते, ते चालेल. अर्थ टिकतो का ते पाहायचं. ‘स्टेशनच्या ठिकाणी भेटू’ हे सरकारी पत्रासारखं वाटतं, पण कळतं. म्हणून ॲट. ‘पुस्तक टेबलाच्या ठिकाणी आहे’ म्हटलं की अर्थच फिसकटतो, म्हणून ऑन. भिंतीवरचं चित्रही या चाचणीत ऑनकडेच जातं. ‘ऑन म्हणजे वरच्या बाजूला’ असं शिकवलेल्या मुलाला हेच चित्र अडवतं, कारण ते भिंतीच्या माथ्यावर नसून तिला लागून असतं. ऑनला उंची नको, स्पर्श पुरतो.

वर्गात यासाठी एकच वाक्य घ्यावं: ‘मी दादर स्टेशनवर दोन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उभा आहे.’ दोन ‘वर’ आहेत. पहिला बदलून पाहिला: दादर स्टेशनच्या ठिकाणी. टिकला, ॲट. दुसरा बदलला तर उभं राहणाऱ्याच्या पायाखालची फरशीच जाते, तिथे ऑन. मुलं हे वाक्य स्वतः सोडवतात आणि मग आपल्या गावचा एसटी स्टँड, बाजार, शेत घेऊन तशीच वाक्यं करतात. ‘मैदाना’शी अडतील, आणि अडू द्यावं. ‘मैदानावर जमू’ ही चाचणी पार करतं, ‘मैदानावर खेळतायत’ करत नाही. इंग्रजीतही पहिल्याला ॲट आणि दुसऱ्याला ऑन असंच होतं.

आत बसायच्या वाहनांना ही चाचणी लागू नाही. मराठीत सगळीकडे ‘त’ किंवा ‘मध्ये’. इंग्रजीत बस, रेल्वे, विमान यांना ऑन, मोटार आणि रिक्षाला इन. आत उभं राहून चालता येतं त्याला ऑन, एवढी खूण पुरे. ‘इन द बस’ मात्र खोडू नये. ते चूक नाही, फक्त कमी रुळलेलं आहे.

वेळेच्या बाबतीत मराठीचा आधार संपतो, आणि हे मुलांना सरळ सांगावं. सोमवारी, सकाळी, रात्री, 2019 साली: चारही ठिकाणी तोच ‘ई’. इंग्रजीत ऑन मंडे, इन द मॉर्निंग, ॲट नाइट, इन 2019. मराठीचा ‘ई’ फक्त ‘कधी’ एवढंच सांगतो, इंग्रजी काळाची लांबी बघते. घड्याळातल्या वेळेला ॲट, दिवसाला आणि तारखेला ऑन, महिना-वर्षाला इन. सकाळ आणि रात्र या मापात बसत नाहीत, ती पाठच करायची. ‘पाच तारखेला ये’ आणि ‘पाचला ये’ यांत ‘ला’ एकच, पण पहिल्याला ऑन, दुसऱ्याला ॲट. ‘सोमवारी सकाळी’मध्ये दोन्ही शब्दांना ‘ई’ असल्याने मुलं जवळचा ‘सकाळी’ धरून इन लावतात. इंग्रजीत तिथे दिवस जिंकतो: ऑन मंडे मॉर्निंग.

‘माझ्यावर रागावला’, ‘त्याच्याशी लग्न केलं’ यांत जागाही नाही आणि वेळही नाही. ती क्रियापदांची खोड आहे, तिला या धड्यात घुसवू नये. त्यासाठी वेगळा अंक काढू.

वाचकांकडे एक मागणं आहे. पुढच्या वह्या तपासताना या तीन शब्दांच्या चुका नुसत्या दुरुस्त न करता उतरवून घ्या, आणि शेजारी त्या मुलाच्या मनातलं मराठी वाक्य त्यालाच विचारून लिहा. अशी जोडवाक्यं आमच्याकडे पाठवा. तुमच्या भागातल्या बोलीत ‘घरी’ऐवजी ‘घरला’ असं काही असेल, तर ते तसंच लिहा. ‘च्या ठिकाणी’ची चाचणी जिथे फसली, ती वाक्यं आम्हाला आधी हवीत.