पंचवीसपैकी नऊ

एप्रिल २०२१. नाशकात तेव्हा कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न, "स्कोअर किती?" आमच्या खानदानात मी एकटीच रेडिऑलॉजिस्ट, त्यामुळे सगळ्यांचे सीटी माझ्या मोबाईलवर. मामाचा आला, पंचवीसपैकी नऊ. दोन दिवसांनी मावसभावाचा आला, तोही नऊच. मामी म्हणाली, "म्हणजे दोघांचं सारखंच ना गं?"

अजिबात नाही. माझा राग त्या आकड्यावरच आहे.

फुफ्फुसाचे खंड पाच. प्रत्येकाचा किती भाग बाधला यावर शून्य ते पाच गुण. मामाच्या दोन्ही खालच्या खंडांना तीन-तीन, बाकी तिघांना एकेक, झाले नऊ. किती पसरलंय ते कळलं. काय पसरलंय, ते नाही.

मामाला होतं ग्राउंड ग्लास. नाव दुधी काचेचं, पण खूण अशी की त्या करड्या झाकोळातूनही रक्तवाहिन्यांच्या कडा दिसत राहतात. तिथे अजून थोडी हवा शिल्लक असते. मावसभावाला बराचसा भाग कन्सॉलिडेशन. हवेची जागा पार भरलेली, रक्तवाहिन्या त्या पांढऱ्यात बुडालेल्या, आणि मधूनच श्वासनलिकांच्या काळ्या फांद्या. त्याला ऑक्सिजन लावावा लागला. मामाचं सॅच्युरेशन ९६ होतं, तो घरीच राहिला.

मामीचा दुसरा प्रश्न जास्त चांगला होता. मामाचा त्याच सकाळचा एक्स-रे "क्लिअर" होता, मग तो खोटा का? खोटा नाही हो. एक्स-रेत छातीची पुढून मागपर्यंतची सगळी जाडी एकाच चित्रात एकावर एक पडते. विरळ झाकोळ त्यात विरून जातो, त्यातून मामाचा होता अगदी मागे-खाली, हृदयाच्या आणि श्वासपटलाच्या आड. सीटी मिलिमीटरभर जाडीचे काप दाखवतो, म्हणून सापडला. मावसभावाचं कन्सॉलिडेशन मात्र दाट, ते एक्स-रेतही दिसत होतं.

सीटीही फसवतो बरं का. खोकणाऱ्या माणसाला श्वास भरून धरता आला नाही, तर चांगलं फुफ्फुसही करडं दिसतं. अशा वेळी मी आधी मुख्य श्वासनलिका बघते. तिची मागची भिंत आत वळलेली दिसली, तर श्वास सोडलेला आहे. शिवाय हृदय थकून फुफ्फुसात पाणी साचलं तरी ग्राउंड ग्लास दिसतंच.

मे २०२१ मध्ये एम्सचे डॉ. गुलेरिया म्हणाले, सौम्य आजारात सीटी करू नका. एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे, हा त्यांचा हिशोब नव्या, कमी किरणांच्या मशीनना लागू नव्हता आणि आमच्या मंडळींना तो झोंबलाही. पण सल्ला मला पटला. मामाचे ठिपके सापडले, पण औषधात काडीचाही फरक पडला नाही. मामीची झोप तेवढी उडाली.

महिन्याभराने मावसभावाचा पुन्हा सीटी झाला. पांढरं विरघळून फिकट ग्राउंड ग्लास झालं होतं, आणि विरघळताना जरा पसरलं होतं. तो आता जिने चढत होता.

स्कोअर होता दहा.

मामीचा फोन आलाच, "अगं, वाढला की!"