स्वप्नात स्वतःचाच मृत्यू दिसला? आधी आयुष्यात काय बदलतंय ते पाहा

पहाटे दचकून जाग येते. अंग घामानं भिजलेलं असतं. स्वप्नात स्वतःचीच तिरडी दिसलेली असते आणि 'पहाटेचं स्वप्न खरं होतं' हे लहानपणी ऐकलेलं वाक्य आठवून पोटात गोळा येतो. पण हे स्वप्न पुढच्या संकटाची सूचना नसतं. ते चालू असलेल्या बदलाचं चित्र असू शकतं.

पहाटेचंच स्वप्न का आठवतं?

झोपेत साधारण दर दीड तासानं 'रेम' ही अवस्था येते. शिकागोतील संशोधकांनी १९५३ मध्ये तिची नोंद केली. ठसठशीत स्वप्नं प्रामुख्यानं याच अवस्थेत पडतात. पहाटेकडे ती लांबत जाते आणि त्यातच जाग आली की स्वप्न लक्षात राहतं. या वेळी मेंदूतील भावनांचा भाग जोरात असतो, तर तर्काचा भाग मंदावलेला असतो. त्यामुळे मनातली साधी धाकधूकही थेट मरणाचं रूप घेऊ शकते.

तिरडीवर नेमकं कोण?

समजा, महिनाभरात निवृत्त होणाऱ्या एका कारकुनाला स्वप्न पडलं. अंगणात त्याला निजवलंय, ऑफिसातले लोक जमलेत. तो ओरडतोय, 'अहो, मी इथंच आहे!' पण कुणाला ऐकू जात नाही. त्याची तब्येत ठणठणीत आहे. संपणार आहे ती तीस वर्षांची खुर्ची आणि 'साहेब' ही हाक. 'उद्यापासून मला कोण विचारणार?' ही भीती मनानं एका दृश्यात मांडली. लग्न, घटस्फोट, बाळंतपण, गाव सोडणं अशा वळणांवरही हेच होऊ शकतं. जुनी ओळख सुटत असते.

'स्वतःचं मरण पाहिलं की आयुष्य वाढतं' असं घरातली मोठी माणसं सांगतात. आयुष्य वाढत नाही, पण भीती उतरते. म्हणून शांतिविधीवर पैसे घालण्यापेक्षा त्यांचं ऐकलेलं बरं. उठल्यावर एवढंच लिहा: स्वप्नात सर्वांत तीव्र भावना कोणती होती आणि दिवसा ती कुठं जाणवते? उत्तर बहुधा तिथंच सापडतं.

दुर्लक्ष कधी करू नये?

तेच स्वप्न आठवड्यातून अनेकदा पडून झोपेची धास्ती वाटू लागली, अपघातानंतर तोच प्रसंग परत परत दिसू लागला किंवा नवं औषध सुरू केल्यावर स्वप्नं वाढली, तर डॉक्टरांना सांगा. स्वप्नात हातपाय झाडले जात असतील, घोरताना श्वास अडकत असेल, तरीही तपासणी हवी. आणि जागेपणीही मरणाचे विचार येत असतील, तर अर्थ शोधत बसू नका. घरच्यांशी बोला, 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. अशा वेळी प्रश्न स्वप्नाचा राहिलेला नसतो.