ट्यूब संपली, दुखणं नाही

मेडिकलच्या दुकानातली गर्दी कमी व्हायची वाट बघत तुम्ही कधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहिला आहात? मी राहिलोय. सेकंड इयरची सबमिशन्स चालू होती. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या काकू निघून गेल्यावर मी काउंटरवर वाकलो आणि हळूच म्हणालो, ‘ते... पाइल्सचं काहीतरी द्या ना.’ समोरच्या माणसानं एकही प्रश्न न विचारता ट्यूब पुढे सरकवली. काही विचारलं नाही, याचं तेव्हा हायसं वाटलं. आज वाटतं, सगळा घोळ तिथेच झाला.

कारण मला पाइल्स म्हणजे मूळव्याध नव्हतीच. मला फिशर होतं. आणि हा फरक मला तीन आठवडे, दोन ट्यूब आणि एक बुडवलेली प्रॅक्टिकल एवढ्या किमतीला समजला.

आपल्याकडे ‘तिथलं’ काहीही दुखलं की त्याचं नाव मूळव्याध. पण हे दोन आजार वेगळे आहेत आणि ओळखायला फार अवघडही नाहीत. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. त्या सुजून खाली सरकल्या की त्याला मूळव्याध म्हणायचं. आतल्या मूळव्याधीत लालभडक रक्त पडतं, पण सहसा दुखत नाही, कारण त्या भागाला वेदना कळतच नाही. बाहेरच्या कोंबात रक्ताची गाठ झाली तर मात्र अचानक निळसर, टणक आणि प्रचंड दुखणारा फुगा हाताला लागतो.

फिशर म्हणजे चीर. शौचाला खडा झाला, तो बाहेर पडताना कातडी फाटली, की झालं फिशर. त्याची खूण म्हणजे शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखी कळ येते आणि नंतरही कधी अर्धा तास, कधी दोन-तीन तास आग आणि ठणका राहतो. रक्त थोडंच, एखादी रेघ किंवा दोन-चार थेंब. माझं अगदी हेच होत होतं. सकाळी आठला संडासला गेलो की दहाच्या लेक्चरला बाकावर एका कुशीवर टेकून बसायचो.

मग ट्यूबनं काय केलं? तर थोडा वेळ बधिर केलं. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बधिर करणारं औषध असतं, काहींत सोबत स्टेरॉइडही. त्यानं ठणका कमी वाटतो, खाज थांबते. पण उद्या सकाळी पुन्हा तोच खडा येणार, तीच चीर पुन्हा उघडणार. शिवाय स्टेरॉइडवालं मलम आठवड्याच्या पुढे मनानं लावत राहिलं तर तिथली कातडी पातळ होते. आधीच फाटलेल्या जागेला हे नक्कीच नको असतं.

शेवटी एका सर्जन मॅडमकडे गेलो. मला वाटत होतं, आता कसल्या कसल्या तपासण्या होणार. प्रत्यक्षात त्यांनी कुशीवर झोपवलं, कातडी जरा बाजूला करून नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘फिशर आहे. आत्ता बोट घालून तपासत नाही, उगाच दुखेल.’ दोन मिनिटांचं काम. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला तोवर कुणीच विचारला नव्हता. ‘दुखेल म्हणून जायचं टाळतोस का?’

टाळत होतोच. आणि तिथेच चक्र सुरू होतं. चीर पडली की आतला गोल स्नायू आवळून बसतो. तो आपल्या ताब्यात नसतो, ‘सैल हो’ म्हटलं म्हणून होत नाही. आवळल्यामुळे तिथला रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून जखम भरत नाही. दुखतं म्हणून आपण शौचाची भावना दाबतो. दाबलेलं शौच आतड्यात पडून राहतं, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि ते आणखी कडक होतं. दुसऱ्या दिवशी तोच खडा त्याच जखमेवरून जातो. म्हणजे चक्र तोडायचं असेल तर आधी खडा मऊ व्हायला हवा आणि स्नायू सैल व्हायला हवा. माझी ट्यूब यातलं काहीच करत नव्हती.

मॅडमनी ट्यूब बंद केली. रात्री घ्यायला शौच मऊ करणारं एक सिरप दिलं आणि इसबगोल सांगितलं. इसबगोलात मी आणखी एक घोळ घातला. पहिल्याच रात्री तीन चमचे भुसा अर्ध्या कप पाण्यात ढवळून प्यायलो. पोट ढोल झालं, गॅस झाला, आणि सकाळी आणखीच कोंडल्यासारखं. इसबगोल पाणी धरून फुगतं, पाणीच दिलं नाही तर ते करणार काय? योग्य पद्धत अशी: सुरुवातीला एक चमचा, मोठा ग्लासभर पाण्यात, ढवळल्याबरोबर प्यायचं आणि वर आणखी एक ग्लास पाणी. आठवड्याभरात हळूहळू दोन चमच्यांपर्यंत जायचं. कोरडं तोंडात टाकायचं नाही, घशात अडकू शकतं. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे एका रात्रीत निकाल मागू नका.

बाकी फायबर ताटातून यायला हवं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम लागतं. इथे मला एक गोष्ट नव्यानं कळली. आपण ‘भाकरी खा’ म्हणतो, पण चोकर न काढलेल्या कणकेची पोळीही त्यात मागे नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात किंवा कणकेत साधारण १० ते ११ ग्रॅम फायबर असतं. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात ते जेमतेम तीनच्या आसपास. आता माझा तेव्हाचा दिवस बघा: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी मेसचा भात, संध्याकाळी वडापाव, रात्री नूडल्स. म्हणजे सगळा दिवस तांदूळ आणि मैदा. मेस बदलणं माझ्या हातात नव्हतं. पण दुपारी भाताऐवजी पोळ्या, सोबत वाटीभर मटकी किंवा हरभऱ्याची उसळ आणि संध्याकाळी वडापावऐवजी पेरू, एवढं जमलं. एका मध्यम पेरूतूनच पाचेक ग्रॅम फायबर मिळतं.

स्नायू सैल करण्यासाठी सिट्झ बाथ. नाव भारी आहे, करायचं मात्र साधं: कोमट पाण्यात बसायचं. हॉस्टेलवर मी एक पसरट प्लास्टिकचा टब आणला, गीझरचं पाणी घेतलं आणि कोपर बुडवून बघितलं. चटका बसत नसेल, सुखद ऊब वाटत असेल तर पाणी बरोबर. कढत पाण्यानं जास्त फायदा होत नाही, भाजतं मात्र नक्की. दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि त्यातली एक वेळ शौचानंतर लगेच, कारण तेव्हाच स्नायू सगळ्यात जास्त आवळलेला असतो. मीठ, तुरटी, जंतुनाशक काही घालायची गरज नाही, त्यानं उलट झोंबतं. नंतर चोळून पुसायचं नाही, मऊ कापडानं टिपायचं. पहिल्या दिवशी पाण्यात बसल्यावर पाचव्या मिनिटाला ठणका उतरला तेव्हा मला खरंच रडू आलं होतं.

आणि मोबाइल बाहेर. हे लिहिताना मीच ओशाळतोय, पण संडासात रील्स बघत वीस मिनिटं बसलं की खालच्या रक्तवाहिन्यांवर दाब राहतो. पाच मिनिटांत झालं नाही तर कुंथत बसू नका, उठा. नाश्त्यानंतर आतड्याची हालचाल आपसूक वाढते, तेव्हा पुन्हा जा.

दोन आठवड्यांनी माझा दोन तासांचा ठणका पंधरा मिनिटांवर आला, पण थांबला नाही. मग मॅडमनी वेगळं मलम लिहून दिलं, स्नायू सैल करणारं. दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढं, सहा ते आठ आठवडे. तिसऱ्या आठवड्यात दुखणं गेलं. ‘आता बंद करू?’ विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘दुखणं थांबलं म्हणजे जखम भरली असं नाही. कोर्स पूर्ण कर.’ म्हणजे माझा राग मलमांवर नाही. कशासाठी, कुठलं आणि किती दिवस, हे न बघता लावलेल्या मलमावर आहे.

नवी चीर बहुतेक वेळा मऊ शौच आणि कोमट पाणी यांनीच काही आठवड्यांत भरते. सहा-आठ आठवडे उलटले की ती जुनी होते, कडेला कातडीचं एक छोटं टोक येतं आणि ते हाताला लागल्यावर लोक पुन्हा ‘मूळव्याधीचा कोंब’ समजून पुन्हा ट्यूब आणतात! औषधी मलमानंही जुनी चीर भरली नाही तर इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया असते, आणि तिचा गुण चांगला येतो. ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘एका दिवसात मूळव्याध गायब’ स्टिकरवरचा नंबर फिरवून नाही.

माझं म्हणणं इतकंच: घरगुती उपाय नीट करून दोन आठवड्यांत फरक नसेल तर दाखवा. आणि काही वेळा तेवढंही थांबू नका. ताप आणि तिथे ठणकणारी सूज असेल तर आत पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. खूप रक्त जात असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल, तर तेव्हाही लगेच जा. रक्त शौचात मिसळून येत असेल, वजन उतरत असेल, जुलाब थांबत नसतील, तर कारण आतड्यात वर कुठे तरी असू शकतं. क्षयरोग किंवा आतड्याची दीर्घकाळची सूज यांतही अशा जखमा होतात. ‘या वयात मूळव्याधच असणार’ असं आपलं आपण ठरवून टाकलं की हेच सगळं निसटतं.

लाज वाटते, मान्य. डॉक्टरांसमोर सुरुवात कशी करायची हाच मोठा प्रश्न असतो. मी बाहेर बाकावर बसून एक वाक्य पाठ केलं होतं, तुम्हीही वापरा: ‘शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखतं, थोडं रक्त येतं आणि तीन आठवडे झालेत.’ पुढचं त्या विचारतात. मेडिकलवाल्यानं न विचारलेले सगळे प्रश्न.