‘पूना’चे पुणे झाले, ते नामांतर होते का?

खुटबावहून आगगाडीने पूर्वेस निघाले की दौंड लागते. इंग्रजांच्या कागदांत मात्र त्याचे ‘धोंड’ झाले होते. १८७८ साली सुरू झालेला लोहमार्गही ‘धोंड-मनमाड’ म्हणूनच ओळखला गेला. साहेबाने कानी पडले तसे लिहिले, हे अर्धेच कारण. पुढे विल्यम हंटरने लिप्यंतराला शिस्त लावली, पण रुळलेली रूपे तीतून वगळली. म्हणून ‘पूना’ टिकले.

१९७८ साली त्याचे ‘पुणे’ झाले, ते माझ्या मते नामांतर नव्हेच. मराठीत ते पुणेच होते. दुरुस्त झाले ते केवळ इंग्रजी लेखन. अहमदनगरचे अहिल्यानगर होणे निराळे, कारण तेथे नावातून जपले जाणारे स्मरणच बदलले.

निर्णयाची वाट मात्र ठरलेली आहे: राज्याचा प्रस्ताव, मग रेल्वे, टपाल व भारतीय सर्वेक्षण विभाग यांचे मत घेऊन केंद्रीय गृह मंत्रालयाची ना हरकत, शेवटी राजपत्र. १९५३ च्या केंद्रीय सूचना सांगतात की, केवळ स्थानिक अभिमानापोटी नाव बदलू नये व ऐतिहासिक नावे शक्यतो राखावीत. पण त्या सूचनाच, कायदा नव्हे. म्हणून राजकीय इच्छा वरचढ ठरते. निदान स्मरण बदलताना तरी त्या सूचनांना अपवाद का केला, याचे कारण राजपत्रात छापले जावे.